सेट-टॉप बॉक्समधील पाल : बिघाडाची लक्षणे आणि सुरक्षित स्वच्छता

नवी दिल्ली : पावसाळा सुरू झाला की दूरचित्रवाणी संच आणि सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर एक विशिष्ट प्रकारचा बिघाड वरचेवर येऊ लागतो. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारा बॉक्स सकाळी निपचित पडलेला असतो. कोणी हात न लावता संचाचा आवाज वाढत जातो. निम्म्या वाहिन्या दिसतात आणि निम्म्या दिसत नाहीत. झाकण उघडल्यावर आत वाळलेली किंवा अर्धवट जळालेली पाल सापडते. कधी मुंग्यांचा ढीग, कधी झुरळांच्या विष्ठेचे काळे ठिपके, तर कधी कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर.

असा बिघाड बाहेरूनही बऱ्याच अंशी ओळखता येतो. धोका असतो तो नंतरच्या साफसफाईत. उपकरणात आपण स्वतः किती हात घालावा, हे एका साध्या प्रश्नावर ठरते : भिंतीवरील २३० व्होल्टची वीज त्या उपकरणात थेट शिरते, की बाहेरच्या अडॅप्टरमध्ये १२ व्होल्टपर्यंत उतरून मग आत येते? बॉक्सला जाड दोन पदरी वायर थेट जोडलेली असेल आणि तिचे दुसरे टोक सरळ भिंतीतील सॉकेटमध्ये जात असेल, तर वीज उतरवणारा भाग बॉक्सच्या पोटातच आहे. सॉकेटमध्ये लहान काळी डबी बसत असेल, तिच्यावर OUTPUT: 12V असे छापलेले असेल आणि तिच्यातून निघालेली बारीक गोल पिन बॉक्समध्ये जात असेल, तर धोकादायक वीज त्या डबीतच थांबते. दूरचित्रवाणी संच बहुतांशी पहिल्या प्रकारचे असतात. पुढील सारे विवेचन या भेदावर उभे आहे.

ऊब, अंधार आणि भक्ष्य

घरातील पाल निशाचर आहे. रात्री ती दिव्याभोवती जमणारे किडे टिपते आणि दिवसा अंधाऱ्या, उबदार फटीत विसावते. सेट-टॉप बॉक्स तिच्या या दोन्ही गरजा भागवतो. रिमोटने बंद केलेला बॉक्स प्रत्यक्षात बंद झालेला नसतो. त्याचा पुढचा दिवा लाल होतो, पण आतील वीजपुरवठा व बराचसा भाग चालूच राहतो. जुन्या बॉक्सच्या बाबतीत तर चालू स्थितीतील व अशा अर्धनिद्रेतील वीजवापरात फारसा फरक नसतो. त्यामुळे चोवीस तास कोमट राहणारी, उष्णता बाहेर पडण्यासाठी सर्व बाजूंनी चिरा ठेवलेली पेटी भिंतीलगत मिळते. अनेक घरांत नेमकी ट्यूबलाइटही संचाच्या वरच असते. दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि उजाडल्यावर ती सर्वांत जवळच्या बिळात शिरते.

मुंग्या व झुरळे यांची कारणे थोडी निराळी आहेत. झुरळांच्या लहान जातींना, विशेषतः स्वयंपाकघरात वावरणाऱ्या तपकिरी जर्मन झुरळांना, ऊब व अरुंद जागा प्रिय असतात. ती आत राहतात, आतच अंडकोष सोडतात. मुंग्या पुष्कळदा मेलेल्या किड्याच्या किंवा पालीच्या वासाने येतात. शिवाय काही जातींच्या मुंग्यांबाबत असे आढळले आहे की विजेचा झटका बसलेली मुंगी जे गंधद्रव्य सोडते, त्याने तिच्या वारुळातील इतर मुंग्या तेथे धावून येतात. त्यांनाही झटका बसतो आणि ढीग वाढत जातो. स्विचच्या किंवा रिलेच्या दोन पत्र्यांमध्ये मुंग्यांचे थर दाबलेले आढळतात ते यामुळेच.

कुंभारीण माशी वाऱ्याच्या चिरांपेक्षा गोल छिद्रे पसंत करते. संचामागील रिकामे जोडछिद्र किंवा पडून असलेल्या बॉक्सचा स्क्रूचा खळगा तिला घरटे घालायला पुरतो. तिच्या मातीने शॉर्ट सर्किट सहसा होत नाही, पण ओली माती विजेची गळती करते आणि चिरा बुजल्या तर उष्णता कोंडते.

पाल म्हणजे तार नव्हे

पाल दोन ठिकाणी चिकटली आणि तिच्या अंगातून वीज वाहून शॉर्ट झाला, असे वर्णन सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. १२ व्होल्टच्या दाबाने पालीच्या शरीरातून इतका कमी प्रवाह वाहतो की तेवढ्याने अडॅप्टर बंद पडत नाही. येथे नुकसान होते ते अंगातील खारट द्रवांमुळे आणि विष्ठेमुळे. सर्किट बोर्डावर काही जागा अत्यंत नाजूक असतात : तेथे दोन लहान रोधकांच्या जोडीवरून वीजपुरवठा नियंत्रित करणारी चिप ‘बाहेर किती व्होल्ट जात आहेत’ हे मोजत असते. त्या रोधकांवर ओलसर, खारट थर पसरला की चिपला चुकीचे माप मिळते. प्रत्यक्षात दाब पुरेसा असतानाही तो कमी आहे असे तिला वाटते आणि ती तो वाढवत नेते. मग त्या दाबाखाली भलताच भाग जळतो, तोही कधीकधी पालीपासून बऱ्याच अंतरावर.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र गोष्ट वेगळी आहे. भिंतीतून येणारी प्रत्यावर्ती वीज तेथे एकदिश होते, तेव्हा मोठ्या गोल कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो; मोठ्या संचांत तो ४०० व्होल्टच्या आसपासही असतो. एवढ्या दाबाखाली प्राण्याचे शरीर खरोखरच जळते. जळाल्यावर उरतो तो कोळसा, आणि कोळसा वीज वाहतो. म्हणूनच पाल काढून टाकल्यावरही बोर्डावरील काळ्या रेषेतून ठिणगी पडू शकते. नुसता फ्यूज बदलून संच सुरू करण्याचा मोह येथे घातक ठरतो, कारण फ्यूज हे कारण नसून परिणाम असतो. अशा जागी बोर्डाचा करपलेला भाग खरवडून काढावा लागतो, आणि ते काम प्रशिक्षित हाताचेच आहे.

एका बॉक्सची कहाणी

प्रस्तुत प्रतिनिधीच्या दिल्लीतील भाड्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात घडलेला प्रसंग यासंदर्भात नोंदवण्याजोगा आहे. छतावरील तबकडीला जोडलेला, बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा हा बॉक्स एका सकाळी सुरूच होईना. पुढचा दिवा लागत नव्हता. अडॅप्टरवरील हिरवा दिवा मात्र सेकंदाला एकदा उजळून विझत होता आणि त्याबरोबर अगदी बारीक ‘टिक्-टिक्’ ऐकू येत होती. अडॅप्टर खराब झाल्याचा पहिला समज चुकीचा होता. पुढे कुठेतरी शॉर्ट असेल तर असा अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर बंद होतो, पुन्हा सुरू होऊन पाहतो, पुन्हा बंद होतो. टिकटिक ही त्या प्रयत्नांची असते.

शॉर्ट कुठे आहे, हे काहीही न उघडता शोधता येते. प्रथम सॉकेटमधून अडॅप्टर काढून त्याची पिन बॉक्समधून सोडवली आणि अडॅप्टर एकटाच लावला. दिवा स्थिर राहिला. याचा अर्थ अडॅप्टर चांगला होता. (एकटा लावल्यावरही दिवा लुकलुकला असता, तर अडॅप्टर टाकून द्यावा लागला असता. तो उघडू नये; त्यात २३० व्होल्ट असतात. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा अधिक आणि पिनेची धन-ऋण रचना तीच हवी.) त्यानंतर वीज बंद ठेवून बॉक्समागील तबकडीची गोल वायर फिरवून काढली आणि मग बॉक्स सुरू केला. तबकडीच्या टोकावरील ‘एलएनबी’ नावाच्या उपकरणाला वीज याच वायरमधून बॉक्सकडून जाते. त्या वायरच्या जोडात मुंग्या किंवा पाणी शिरल्याने शॉर्ट झाला असता, तर वायर काढताच बॉक्स सुरू होऊन पडद्यावर No Signal असा संदेश दिसला असता. तसे झाले नाही. टिकटिक चालूच राहिली. म्हणजे दोष बॉक्सच्या आतच होता.

दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले तेव्हा गोल जोडाच्या मागे, तांब्याच्या एका वेटोळ्याला बिलगून, बोटभर लांबीची पाल पडलेली होती. मेल्याला दोन-तीन दिवस झाले असावेत. ज्या जागी ती होती, तो भाग १२ व्होल्टचे १३ किंवा १८ व्होल्ट करून एलएनबीकडे पाठवतो. या दोन दाबांना अर्थ असतो : उपग्रहाचे संकेत उभ्या व आडव्या अशा दोन ध्रुवणांत येतात आणि बॉक्स १३ व्होल्ट देऊन एलएनबीला उभे, १८ देऊन आडवे संकेत घ्यायला सांगतो. पालीच्या अंगातील द्रव मोजमापाच्या रोधकांवर उतरला होता. चिपने दाब प्रमाणाबाहेर वाढवला, त्याखाली संरक्षणासाठी बसवलेला डायोड आतून जुळून गेला आणि १२ व्होल्टला थेट जमिनीकडे वाट मिळाली.

डायोड बदलला, पाल काढली, कोरड्या ब्रशने जागा झाडली. बॉक्स सुरू झाला, चित्र आले. समाधान मात्र अर्ध्या तासापुरतेच टिकले. घरी आणून पाहिले तर वाहिन्यांचा एक मोठा गट लागत नव्हता आणि बाकीच्या स्वच्छ दिसत होत्या. शंकेची पाल चुकचुकली, असेच म्हणावे लागेल. तबकडी हलली असती तर सर्वच वाहिन्यांवर परिणाम झाला असता. ठरावीक गट नाहीसा होणे याचा अर्थ १८ व्होल्टची आज्ञा एलएनबीपर्यंत पोहोचत नाही. मल्टिमीटर लावल्यावर तेच दिसले : १३ व्होल्टच्या वाहिनीवर दाब ठीक होता, १८ च्या वाहिनीवर तो १५ च्या पुढे जात नव्हता. ब्रशने झाडलेली जागा डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, पण रोधकांच्या बाजूला क्षारांचा पातळ पापुद्रा उरला होता. यावेळी गळतीची दिशा बदलली होती, त्यामुळे चिपला दाब आहे त्याहून जास्त वाटत होता आणि ती तो कमी ठेवत होती. ती जागा आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून निथळलेल्या कापसाच्या काडीने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवली, तेव्हा १८ व्होल्ट परत आले.

या दुसऱ्या फेरीत एक गोष्ट शिकण्यासारखी होती. शुद्ध अल्कोहोल चिकटा व तेलकटपणा काढते, पण प्राण्याच्या शरीरातील क्षार त्यात नीट विरघळत नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून जाणकार आधी अगदी थोडे क्षारविरहित पाणी आणि मग ते पाणी उडवून नेणारे अल्कोहोल, असा क्रम ठेवतात. नळाचे पाणी यासाठी चालत नाही, कारण त्यातच क्षार असतात.

आपोआप वाढणारा आवाज

दूरचित्रवाणी संचातील सर्वांत चमत्कारिक वाटणारा बिघाड बहुधा सर्वांत किरकोळ असतो. संच स्वतःहून सुरू होतो, वाहिनी बदलतो, आवाज वाढत शेवटच्या टोकाला जातो. घरातील वडीलधारी मंडळी रिमोटला, मुले शेजारच्या रिमोटला दोष देतात. वास्तविक संचाच्या कडेला किंवा तळाशी असलेल्या चार-पाच बटणांत याचे मूळ असते. खर्च वाचवण्यासाठी ही सर्व बटणे एकाच वायरवर बसवलेली असतात. प्रत्येक बटण दाबल्यावर त्या वायरवरचा दाब निरनिराळ्या पातळीवर उतरतो आणि त्या पातळीवरून कोणते बटण दाबले गेले, हे संच ओळखतो. बटणाखाली झुरळाची विष्ठा किंवा चिरडलेल्या मुंग्या असल्या आणि हवा दमट झाली, की तेथून किंचित वीज झिरपते. वायरवरचा दाब हळूहळू घसरतो आणि तो ज्या पातळीवर येईल ते बटण दाबल्याचा भास संचाला होतो. कोरड्या दिवशी हा दोष नाहीसा होतो, म्हणून तो ‘कधीकधी’ येतो.

त्याची खातरजमा घरी करता येते. रिमोटमधील सेल काढून ठेवावेत. तरीही आवाज वाढत असेल तर रिमोट निर्दोष आहे. त्यानंतर सेल घालून संचाच्या सेटिंगमध्ये संचावरील बटणे कुलूपबंद करण्याची सोय आहे का, हे पाहावे. पुष्कळ संचांत ती लहान मुलांसाठी दिलेली असते. कुलूप लावताच भुताटकी थांबली, तर दोष बटणांचा आहे हे निश्चित झाले. कारागीर मागील झाकण काढून बटणांची छोटी पट्टी सोडवतो, ती धुतो किंवा बदलतो. मुख्य बोर्ड बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर ही चाचणी आधी केली का, असे विचारावे.

पडद्यावर चालणारी मुंगी हा याच घरातील आणखी एक पाहुणा. ती काचेवर नसून काचेमागे, उजेड पसरवणाऱ्या पातळ पडद्यांच्या मध्ये असते. तिला बाहेरून बोटाने दाबून मारणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण चिरडलेली मुंगी तेथेच काळा ठिपका होऊन राहते आणि तो काढायला संपूर्ण पॅनेल उलगडावे लागते. संच बंद करून सॉकेटमधून काढावा, खोलीत अंधार करावा आणि संचाच्या कडेपासून थोड्या अंतरावर एक छोटा दिवा लावून ठेवावा. आतील उजेड गेल्यावर किडा बहुधा बाहेरच्या उजेडाकडे वळतो. रात्रभर वाट पाहावी लागली तरी हरकत नाही.

काय उघडावे, काय उघडू नये

दूरचित्रवाणी संचाचे आणि थेट वायरच्या बॉक्सचे झाकण गृहस्थाने उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवरचा भार काही काळ टिकतो. तो हळूहळू उतरवण्यासाठी असलेला रोधक तुटला असेल, आणि बिघडलेल्या उपकरणात ही शक्यता अधिक असते, तर तो भार बराच वेळ राहू शकतो. खेड्यापाड्यांत अजूनही वापरात असलेल्या, काचेची अवजड नळी असलेल्या जुन्या संचांत नळीवर वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो. ते तर मुळीच उघडू नयेत. या उपकरणांची बाहेरून स्वच्छता मात्र करता येते, आणि ती करायला हवी.

त्यासाठी नुसते भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. ते बटण दोनपैकी एकच वायर तोडते आणि जोडणी उलटी झालेली असेल तर उपकरणात वीज तशीच राहते. प्लग हाताने ओढून काढावा. तबकडीची वायर, एचडीएमआयची वायर, स्पीकरच्या वायरी याही सोडवाव्यात. एचडीएमआयच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर बोटांना बारीक मुंग्या येतात, असा अनुभव अनेकांना असतो. ती दुसऱ्या, अजून जोडलेल्या उपकरणातून येणारी किरकोळ गळती असते. सगळे सोडवल्याशिवाय उपकरण खऱ्या अर्थाने वेगळे होत नाही, याची ती खूण आहे. मग पंधरा मिनिटे थांबून मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने चिरांवरची धूळ बाहेरच्या दिशेने झाडावी. चिरांत टाचणी, केसाची पिन किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. मातीचे घरटे असेल तर वरचा भाग लाकडी काडीने सैल करून काढावा. आत गेलेली माती काढायचे काम कारागिराचे आहे.

अडॅप्टरवर चालणारा बॉक्स उघडता येतो, परंतु दोन अटींवर. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचा किंवा हमीतील नसावा, आणि त्याचे सील तुटल्यास तक्रारीचा हक्क जाणार नाही याची खात्री असावी. हमीच्या अटींत किडे व प्राणी यांमुळे झालेले नुकसान पुष्कळदा वगळलेले असते, तेव्हा सील तोडण्याआधी कागद वाचलेला बरा. उघडण्यापूर्वी बोर्डाचे छायाचित्र काढून ठेवावे. हातमोजे व मुखपट्टी वापरावी, कारण पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. घरातील पाल विषारी नसते. हात न धुता जेवायला बसणे अधिक अपायकारक.

मृत प्राणी चिमट्याने उचलावा, ओढू नये. तो चिकटला असेल तर अल्कोहोलचे चार थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे. वाळलेली घाण मऊ टूथब्रशने सैल करावी. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे निथळलेली ओली काडी आणि मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी फिरवावी. हात निर्जंतुक करायचा जेल वापरू नये. त्यात पाणी व ग्लिसरीन असते आणि ग्लिसरीन मागे राहून ओल धरते. रॉकेल व पेट्रोल यांना जागा नाही. अल्कोहोलही ज्वालाग्राही असते, म्हणून खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून व देवघरातील दिव्यापासून दूर हे काम करावे. पंख्याच्या वाऱ्यात किमान तीन-चार तास, दमट हवेत रात्रभर वाळू द्यावे. उन्हात ठेवण्याची गरज नाही. घरगुती व्हॅक्युम क्लिनर बोर्डाजवळ नेऊ नये, कारण त्याच्या नळीवर निर्माण होणारी स्थिर वीज चिप मारू शकते.

हिरवट पूड आलेला तांब्याचा पट्टा, फुगलेला कपॅसिटर किंवा करपलेली काळी जागा दिसली, तर स्वच्छता तेथेच थांबवावी. ते दुरुस्तीचे प्रकरण आहे. झाकण लावून बॉक्स प्रथम एकटाच, तबकडीच्या वायरशिवाय सुरू करावा आणि पाच मिनिटे जवळ उभे राहावे. वास, टिकटिक किंवा नेहमीपेक्षा जास्त उष्णता जाणवली तर लगेच प्लग काढावा.

चालू उपकरणातून धूर किंवा करपल्याचा वास आल्यास आधी वीज तोडायची असते. प्लगपर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत नसेल तर मुख्य स्विच पाडावा. पाणी टाकू नये.

फवारा नको

झुरळ दिसले की संचाच्या चिरांतून कीटकनाशक फवारण्याची सवय अनेक घरांत आहे. ती दोन कारणांनी घातक आहे. फवाऱ्याच्या डब्यातील दाब बहुधा ज्वालाग्राही वायूने निर्माण केलेला असतो आणि द्रवाचा आधारही अनेकदा रॉकेलसारख्या तेलाचा असतो. बंद पेटीत साठलेल्या त्या वाफेला आतील एक ठिणगी पुरते. दुसरे असे की फवाऱ्याने मेलेले झुरळ आतच मरते, आणि मग त्याच्या मागे मुंग्या येतात. डांबराच्या गोळ्या बॉक्समध्ये ठेवणे किंवा मुंग्यांच्या खडूने बॉक्सवरच रेघा ओढणे हेही टाळावे. पूड आत जाते. झुरळांसाठीचे जेल किंवा मुंग्यांसाठीचे आमिष संचापासून दूर, त्यांच्या वाटेवर ठेवले तर ते संचाकडे येण्याआधीच थांबतात. मोरपीस आणि अंड्यांची टरफले टांगून पाल पळते, यावर अनेकांचा विश्वास आहे. पण टरफलांच्या शेजारी निवांत बसलेली पाल पाहिलेली माणसेही तितकीच सापडतील.

खरा उपयोग होतो तो जागा बदलण्याचा. संचावरचा दिवा दुसऱ्या भिंतीवर नेला तर किडे तिकडे जातात आणि पाल त्यांच्यामागे जाते. बॉक्स भिंतीला न टेकवता चारही बाजूंनी चार बोटे जागा सोडून ठेवावा. रात्री झोपताना प्लग काढला तर तो थंड होतो आणि पालीला त्यात रस उरत नाही. काही बॉक्स रात्री आपले कार्यक्रम-वेळापत्रक अद्ययावत करतात, त्यामुळे सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, एवढीच गैरसोय. चिरांवर जाळी लावायची असेल तर विरळ नायलॉनची, सैल आणि वेळोवेळी झाडता येण्याजोगी असावी. चिकटपट्टी किंवा भरतकाम केलेले झाकणकापड यांमुळे उष्णता कोंडते आणि पाल न येताही बॉक्स जळू शकतो.

बॉक्सखाली किंवा संचामागे वाटाण्याएवढी दोन पांढरी, कडक कवचाची अंडी चिकटलेली दिसली, तर ती पालीची असतात. एका वेळी ती सहसा दोनच अंडी घालते आणि सोयीची जागा सापडली की तेथे पुन्हा येते. अंडी अखंड असोत की फुटून रिकामी झालेली असोत, त्यांचा अर्थ एकच : आतली चीर तिला ठाऊक झाली आहे. अशा वेळी बॉक्सची जागा त्याच दिवशी बदलावी आणि वीज काढून चिरा तपासाव्यात.